तीन थर आणि एक ओला बनियन

गेल्या आठवड्यात लातूरहून आमच्या भाचीचा फोन आला. ‘‘मामू, जानेवारीत आम्ही काश्मीरला निघालोय. सासूबाई आणि दोन्ही मुलं पण सोबत आहेत. हे म्हणतात, चौकातल्या दुकानातून सगळ्यांना एकेक जाडजूड जाकीट घेऊ, म्हणजे काम झालं. तेवढं पुरेल ना?’’

आम्ही विचारलं, ‘‘जाकीट राहू दे बेटा, त्याच्या आत काय घालणार?’’

‘‘आत काय घालायचं? नेहमीचंच. बनियन, शर्ट, वरून स्वेटर.’’

या उत्तरावर आम्हाला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच उत्तर घेऊन गुलमर्गला गेलो होतो. आम्ही सोलापूरचे. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरातली पहाट, पारा बारा-तेरा अंशांवर आला की कानटोप्या निघतात आणि नऊ वाजता उन्हात बसलं की थंडी संपते. जानेवारीत श्रीनगरला भर दुपारी सहा-सात अंश असतात आणि रात्री पारा शून्याच्या दोन-तीन अंश खाली जातो. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना तिथले लोक ‘चिल्लई कलां’ म्हणतात. वर्षातली सगळ्यात कडक थंडी तीच. गुलमर्ग त्याहून उंचावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटरवर आहे. तिथे दुपारीही पारा शून्याच्या आसपासच घुटमळतो.

त्या दिवशी आमच्या घरातल्या तिघांना तीन वेगवेगळ्या कारणांनी थंडी बाधली. कपडे कोणाचेच कमी नव्हते. भाचीला फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत. पहिल्यांदाच बर्फात जाणाऱ्या इतर घरांनाही ते उपयोगी पडेल.

आमचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा होता. त्याच्या अंगात सुती बनियन, त्यावर सुती टी-शर्ट, त्यावर दोन स्वेटर आणि सगळ्यांवर रेक्झीनचं काळं जाकीट होतं. खाली जीन्स. सकाळी ऊन पडलं होतं. त्याने भाड्याने लाकडी स्लेज घेतली, ती ओढत चढावर जायचा आणि घसरत खाली यायचा. तासभर हे चाललं. गाल लाल झाले होते, पोरगा खुशीत होता. मग आम्ही गोंडोलाच्या, म्हणजे दोरीवरच्या पाळणागाडीच्या रांगेत उभे राहिलो. ऊन ढगाआड गेलं, वारा सुटला. अर्ध्या तासात तो थरथर कापायला लागला. जाकिटाची चेन त्याला लावता येईना, बोटं वळत नव्हती. आम्ही काही विचारलं तर उत्तर तोंडातल्या तोंडात यायला लागलं. त्याच्या आईने आपली शाल काढून त्याच्या जाकिटावर गुंडाळली. काही फरक पडेना.

जवळच चहाची टपरी होती, आत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी पेटलेली होती. तिथल्या काश्मिरी चाचांनी मुलाकडे एक नजर टाकली, त्याच्या कॉलरमधून मानेखाली हात घातला आणि म्हणाले, ‘‘मास्टरजी, बच्चा अंदर से भीगा है. पहले बनियान उतारिए.’’

बनियन काढून पिळला असता तर पाणी पडलं असतं. चाचांनी पडद्याआड त्याला अंग पुसायला लावलं, आमच्या पिशवीतला कोरडा लोकरी स्वेटर उघड्या अंगावर घालायला लावला, वरून स्वतःचा फेरन दिला आणि हातात गोड कहव्याची वाटी दिली. वीस मिनिटांत थरथर थांबली आणि पोराने दुसरी वाटी मागितली. अल्हम्दुलिल्लाह, त्यापलीकडे काही झालं नाही. पण आम्ही शाळेत गेली कित्येक वर्षं सातवी-आठवीला बाष्पीभवन शिकवतो आणि आमच्याच मुलाच्या अंगावर काय चाललंय ते आमच्या ध्यानात आलं नव्हतं.

झालं असं की स्लेज ओढताना त्याला घाम आला. सुती बनियनने तो सगळा पिऊन घेतला. वरच्या रेक्झीनमधून वाफ बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून टी-शर्टही ओला झाला. धावत होता तोवर शरीर भरपूर उष्णता तयार करत होतं, त्यामुळे कळलं नाही. रांगेत उभा राहिला तशी उष्णता तयार होणं कमी झालं आणि अंगालगतचं ते ओलं कापड राहिलं. पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय घाम सुकतो तो अंगाचीच उष्णता घेऊन. एक ग्रॅम घाम सुकायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. या हिशेबाने चहाच्या एका चमच्याएवढा, म्हणजे पाच ग्रॅम घाम सुकला तर तेवढ्या उष्णतेत मोठा पेलाभर पाणी दहा अंशांनी थंड होईल. त्या बनियनमध्ये असे कितीतरी चमचे होते. ओल्या बनियनवर आम्ही शाल गुंडाळत होतो, म्हणजे ओल्या भांड्याला बाहेरून पुसत होतो.

म्हणून थंडीतल्या कपड्यांचा विचार आतून बाहेर करायचा असतो. तीन थर असतात आणि प्रत्येकाला एकच काम असतं. अंगालगतच्या थराने घाम त्वचेपासून दूर न्यायचा. मधल्या थराने ऊब धरून ठेवायची. बाहेरच्या थराने वारा आणि बर्फ अडवायचा. एकाचं काम दुसरा करत नाही. कितीही जाड जाकीट घेतलं तरी आतला ओला बनियन ते कोरडा करू शकत नाही.

पहिला थर अंगालगतचा. सोलापूरचा टॉवेल आपण इतक्या कौतुकाने वापरतो तो कशासाठी? सुती धागा पाणी पितो आणि धरून ठेवतो म्हणून. टॉवेलचा हा गुण थंडीत अंगालगत असला की दोष होतो. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी जवळपास पीतच नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो, त्वचा त्यामानाने कोरडी राहते. लोकरीची तऱ्हा वेगळी. ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प धाग्याच्या आत सामावून घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि तिची ऊबही बरीचशी टिकते. मेरिनो नावाची बारीक लोकर मिळते, ती टोचत नाही. पण महाग असते. पॉलिएस्टरचा साधा थर्मल स्वस्त असतो आणि रात्रीतून वाळतो. त्याला वास मात्र लवकर येतो.

दुकानात ‘थर्मल’ म्हणून जे मिळतं ते सगळं एकसारखं नसतं. आपल्या बाजारातले पुष्कळ थर्मल जाड सुताचे किंवा निम्म्या सुताचे असतात. म्हणून कॉलरच्या आतली चिठ्ठी वाचूनच घ्यावा. चिठ्ठीवर पॉलिएस्टर किंवा लोकर हवी, कॉटन शक्यतो नको. गाडीत आणि खोलीत बसून राहणाऱ्या वयस्कर माणसाला सुती मिश्रणाचा थर्मल चालून जाईल, कारण त्याला घाम येत नाही. पळणाऱ्या मुलाला तो चालणार नाही. थर्मल अंगाला लागून बसला पाहिजे, तरच घाम उचलेल. पण मनगटावर आणि पोटावर वळ उमटतील इतका घट्ट नको. आणि त्याच्या आत सुती बनियन घालायचा नाही. ही चूक आपल्याकडे सर्रास होते. बनियनाची सवय सुटत नाही आणि मग महागाचा थर्मल बनियनावर चढतो. तिथे त्याचा काहीही उपयोग नसतो.

दुसऱ्या थराचं गणित आम्हाला मुलीमुळे कळलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला थंडी वाजू नये म्हणून आम्ही तीन मोजे घालून, गेल्या वर्षीच्या बुटांत कसेबसे पाय कोंबले होते. अंगातही दोन स्वेटर, आणि वर जेमतेम बसणारं जाकीट. हात खाली येत नव्हते, पोर बाहुलीसारखी चालत होती. सगळ्यात आधी तक्रार तिचीच. ‘‘अब्बा, पाय दुखतायत.’’ मग म्हणाली, ‘‘आता दुखत नाहीत, कळतच नाहीत.’’ बूट काढले तर अंगठे पांढरे पडलेले आणि बर्फासारखे गार. एक मोजा काढून टाकला, तिच्या आईने पाय आपल्या शालीत घेऊन दोन्ही हातांत धरले, तेव्हा हळूहळू रंग परत आला.

ऊब कापडात नसते, कापडाने अडवून ठेवलेल्या हवेत असते. स्थिर हवेसारखं उष्णता अडवणारं स्वस्त साधन दुसरं नाही. स्वेटरच्या विणीत, फ्लीसच्या मऊ लवेत, फुगलेल्या पफर जाकिटाच्या कापसासारख्या भरणीत हीच हवा कोंडलेली असते. कपडा दाबला गेला की हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. घट्ट बुटात तर रक्ताचा प्रवाहही अडतो, आणि पायाला उष्णता रक्तच नेऊन देतं. तीन मोज्यांनी मुलीचे पाय एका मोज्यापेक्षा जास्त गारठले ते यामुळे. काश्मिरी फेरन इतका ढगळ का असतो, तेही तेव्हा कळलं.

म्हणून मधल्या थराची परीक्षा आरशासमोर घ्यायची. सगळे थर घालून दोन्ही हात वर करायचे, मग छातीवर घडी घालायची. कुठे आवळलं तर वरचा कपडा एक माप मोठा घ्यायचा. बुटात बोटं हलली पाहिजेत. पायात एक पातळ मोजा आणि त्यावर एक लोकरी मोजा पुरे. दोन्ही घालून बूट आवळत असेल तर एकच लोकरी घालावा. एका खूप जाड स्वेटरपेक्षा एक पातळ आणि एक फुगीर असे दोन कपडे बरे, कारण मग एक काढता येतो, एक ठेवता येतो. पिसांची भरण असलेलं जाकीट हलकं आणि फार उबदार असतं, पण भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. पहिल्या प्रवासाला, बर्फात खेळणाऱ्या मुलांना, साधी कृत्रिम भरण चांगली.

तिसरा धडा आमच्या वालिदांचा, म्हणजे मुलांच्या दादीचा. त्यांच्या अंगात थर्मल होता, हाताने विणलेला उत्तम लोकरी स्वेटर होता, वर जाड शाल होती. हॉटेलच्या अंगणात सकाळी त्या मजेत बसल्या होत्या. गुलमर्गच्या मैदानात वारा सुटला आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, ‘‘अंगावर काही घातलंच नाही असं वाटतंय.’’ त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. विणलेल्या स्वेटरला हजारो भोकं असतात. हवा शांत असते तोवर त्यांत ऊब अडकून राहते. वारा आला की ती ऊब उडवून नेतो आणि त्या जागी गार हवा भरतो. पारा उणे पाच असेल आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर उघड्या कातडीला तो गारठा उणे तेराच्या शांत हवेसारखा जाणवतो. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, अफरवटच्या खांद्यावर, तुम्ही सुमारे ३९५० मीटरवर असता. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात, म्हणजे खालच्या मैदानापेक्षा तिथे आठ-नऊ अंश कमी, आणि वारा अडवायला झाडही नाही.

दादींना आणखी एका स्वेटरची गरज नव्हती. हवा होता एक पातळ, दाट विणीचा, वारा न शिरणारा कपडा. आम्ही त्यांना मुलाच्या आईचा पावसाळी रेनकोट शालीवरून घातला. दिसायला गंमतीचं होतं, पण दादी गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्या म्हणजे सगळं ठीक आहे असं आमच्या घरात समजतात.

हाच बाहेरचा थर. विंडचीटर किंवा टोपीवालं नायलॉनचं जाकीट या कामाला पुरतं. घरातला पावसाळी रेनकोटही चालतो, पण त्यात एक अडचण आहे. तो वारा अडवतो तशी आतली वाफही अडवतो, रेक्झीनसारखाच. म्हणून चालताना त्याची चेन निम्मी उघडी ठेवायची आणि उभं राहिलं की लावायची. वाफ बाहेर सोडणारी आणि पाणी आत न येऊ देणारी महाग जाकिटं मिळतात. पण धावताना येणारा घाम तीही पुरता बाहेर काढू शकत नाहीत. चेन त्यांचीही उघडावीच लागते. बाहेरचा थर सगळ्यांवरून सैल बसेल इतका मोठा हवा, नाहीतर तो मधल्या थरातली हवा दाबून टाकतो.

ज्यांना हे कागदावर पटत नसेल त्यांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. आम्ही तो वर्गात करतो. सारख्या तीन बाटल्यांत सारखंच गरम पाणी भरा. पहिलीला कोरडा स्वेटर गुंडाळा. दुसरीला आधी ओला सुती रुमाल आणि त्यावर तसाच स्वेटर. तिसरीला कोरडा स्वेटर आणि बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी. तिन्ही पंख्याखाली ठेवा. अर्ध्या तासाने पाण्यात बोट घाला. पिशवीवाली सगळ्यात गरम, ओल्या रुमालाची सगळ्यात गार. दुसरी बाटली आमचा मुलगा, पहिली त्याची दादी. तिसरीसारखं राहायचं. फरक एवढाच की बाटलीला घाम येत नाही, म्हणून तिला चेन उघडावी लागत नाही.

आता थर घातले म्हणजे काम संपलं असं नाही. ते दिवसभर काढावे-घालावे लागतात. चाचांनी आम्हाला चहा देताना सांगितलं त्याचा अर्थ असा, की थंडी वाजायच्या आधी घाला आणि घाम यायच्या आधी काढा. आम्ही भाचीला तिच्या गुलमर्गच्या दिवसाचं वेळापत्रकच सांगितलं. सकाळी श्रीनगरहून गाडीत हीटर असेल, तेव्हा फक्त थर्मल आणि पातळ स्वेटर. फुगीर जाकीट मांडीवर. नाहीतर गाडीतच घाम येऊन दिवसाची सुरुवात ओल्याने होते. तंगमर्गला बर्फामुळे बहुधा साखळ्या लावलेली किंवा बर्फात चालणारी दुसरी गाडी घ्यावी लागते. तिथे उतरताना सगळे थर. मुलगा बर्फात खेळायला सुटला की जाकीट काढून पिशवीत, अंगावर थर्मल आणि विंडचीटर. पहिली पाच-दहा मिनिटं त्याला किंचित गार वाटलं पाहिजे. सुरुवातीलाच आरामात असेल तर थोड्या वेळाने भिजणार, हे नक्की. खेळ थांबला की कापायची वाट न बघता लगेच जाकीट अंगावर. आणि सासूबाई बसून राहणार, त्यांच्या शरीरात हालचालीची उष्णता तयार होत नाही, म्हणून त्यांना इतरांपेक्षा मधला एक थर जास्त.

मुलं खेळाच्या नादात सांगत नाहीत. त्यांचे हात गार लागतात म्हणून घाबरू नये, हात बहुतेकांचे गारच असतात. कॉलरमधून मानेखाली, पाठीवर हात घालावा. कोरडं आणि उबदार लागलं तर ठीक. दमट लागलं तर एक थर उतरवा. गार लागलं तर एक चढवा. गार आणि दमट दोन्ही लागलं तर टपरीत न्या आणि आतला कपडा बदला. म्हणून प्रत्येकाचा एक कोरडा थर्मल पिशवीत असावा. पाठीवरच्या पिशवीत, हॉटेलवरच्या बॅगेत नव्हे.

काही खुणा लक्षात ठेवाव्यात. कापणं म्हणजे शरीर अजून लढतंय. बोटं वळेनात, पाय अडखळायला लागले, बोलणं जड झालं, तर तो दिवसाचा खेळ तिथेच संपवावा. अंगावरचं ओलं काढून कोरडं घालावं, शुद्धीत असेल तर गरम आणि गोड प्यायला द्यावं. कापणं थांबलं, पण माणूस अजून गारच आहे आणि पेंगतोय, बरळतोय, तर ते सुधारणं नव्हे. त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं. नाकाचा शेंडा, कान, बोटं पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही, आणि बुखारीजवळही धरू नयेत. बधिर कातडीला चटका कळत नाही. बोटं काखेत किंवा दुसऱ्याच्या कोमट हातांत धरावीत. रंग परत आला नाही तर डॉक्टर.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टी पर्यटनाच्या पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणून इथे लिहितो. एक वुजू. बर्फात ओले हात-पाय तसेच मोज्यांत गेले की अंगालगतच्या थरात आपणच पाणी सोडतो. पिशवीत एक लहान टॉवेल ठेवावा. कोपर, बोटांमधल्या फटी, कानांच्या मागची बाजू नीट पुसून मगच कपडे खाली करावेत. इथे टॉवेल सुतीच हवा, पिण्याचं काम त्याचंच. थर्मलची बाही कोपरावर सहज सरकेल अशी घ्यावी, नाहीतर ती प्रत्येक वेळी भिजते. चामडी मोज्यांवर मसह करण्याची सवलत मुसाफिराला तीन दिवस-रात्र आहे. कापडी मोज्यांबाबत आपापल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

दुसरा बुरखा. तो पातळ असेल तर वारा अडवत नाही, म्हणून त्याला बाहेरचा थर समजू नये. आतून थर्मल आणि स्वेटर, त्यावर सैल बुरखा आणि सगळ्यांवरून विंडचीटर, हे आमच्या घरात जमलं. घोळ मात्र घोट्याच्या वर हवा. बर्फात लोळणारा घोळ गुडघ्यापर्यंत पाणी चढवतो आणि संध्याकाळी तो थिजून कडक होतो. जीन्सचंही तेच, ती जाड सुतीच असते. पायांत थर्मलचा पायजमा आणि त्यावर सैल ट्रॅक पँट किंवा रेनकोटची पँट चांगली. डोक्याला सुती स्कार्फ श्वासाने दमट होतो, त्याऐवजी लोकरी घ्यावा.

खरेदीचं शेवटी सांगतो, कारण भाचीने ते सगळ्यात आधी विचारलं होतं. पैसे खर्च करायचे तर थर्मलवर करावेत, माणशी दोन जोड, एक अंगात आणि एक वाळत. मधल्या थराचे स्वेटर बहुतेक घरांत निघतात. मुलाची पूर्ण बाहीची क्रिकेटची जर्सी पॉलिएस्टरची असते, ती अंगाला लागून बसत असेल तर तीच त्याचा पहिला थर. रेनकोट माळ्यावर असतोच. लांब कोट आणि गमबूट तंगमर्गला भाड्याने मिळतात. कोट घेताना आतून हात फिरवून तो कोरडा आहे ना ते बघावं, आधीच्या माणसाचा घाम आणि बर्फ त्यात असू शकतो. गमबूट एक माप मोठे मागावेत. रबरातून वाफ जात नाही, म्हणून दुपारी एकदा मोजे बदलावेत.

आणि हेही ध्यानात असावं, की कपडे उष्णता तयार करत नाहीत, असलेली सांभाळतात. ती तयार होते खाण्याने आणि हालचालीने. उपाशीपोटी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला तीन काय, सात थरही अपुरे पडतील. सकाळचा नाश्ता पोटभर, खिशात खजूर, आणि दादींच्या जागेपासून टपरीतली बुखारी जवळ, एवढं पाहावं.

परवा भाचीचा परत फोन आला. जाकिटांची खरेदी तिने रद्द केली आणि घरातले सगळे थर्मल काढून चिठ्ठ्या वाचल्या. ‘‘मामू, सगळ्यांचे ठीक आहेत, पण यांच्या थर्मलवर शंभर टक्के कॉटन लिहिलंय. गेल्या वर्षी केवढ्याला घेतला होता! आता काय करू त्याचं?’’

आम्ही म्हणालो, ‘‘लातूरच्या थंडीत घालू दे बेटा. तिथे तो फार चांगला आहे.’’